पागोळीचे पाणी : गाळणी का तुंबते, टाकी का उतू जाते?

आगोटीची कामे निघाली की कोकणातल्या घरात लाकूडफाटा, मीठमसाला, घराची शाकारणी, गुरांचा चारा अशी यादी तयार होते. आंजर्ले, केळशी, हर्णै या दापोलीच्या किनारपट्टीवरील गावांत अलीकडे काही घरांच्या यादीत आणखी एक काम आले आहे. ते म्हणजे छपराच्या पागोळ्यांचे पाणी पन्हळीतून टाकीत घेण्याची व्यवस्था नीट करणे. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो आणि भर पावसात त्याच विहिरीचे पाणी गढूळ होते. त्यामुळे ही टाकी दोन्ही वेळांना उपयोगी पडते. पण याच टाक्यांच्या दोन तक्रारी दर पावसाळ्यात माझ्या कानावर येतात. एक, गाळणी तुंबते. दुसरी, टाकी उतू जाते. या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी बहुतेक घरांत त्या एकाच कारणातून उद्भवतात, आणि त्यांचा शेवट दवाखान्यात होऊ शकतो. म्हणून आरोग्याच्या या सदरात आज पन्हळ, गाळणी आणि टाकी यांविषयी लिहीत आहे.

एका घराची टाकी

आंजर्ल्यात डोंगराच्या पायथ्याशी, आंब्यापोफळींच्या सावलीत एक घर आहे. माणसे पाच. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, त्यात या घराचे पुढचे छप्पर उडाले. नंतर तेथे कौलांऐवजी पत्रा आला आणि त्याच वेळी पन्हळ लावून दहा हजार लिटरची, अर्धी जमिनीत व अर्धी वर अशी चिरेबंदी टाकी बांधली गेली. टाकीच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या पिंपाची गाळणी बसवली. पिंपाच्या तळाला मोठे गोटे, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळू आणि सर्वांत वर नायलॉनची जाळी, अशी नेहमीची रचना होती.

पहिल्याच पावसाळ्यात मोठी सर आली की पिंप भरून वाहू लागे. गाळणी तुंबली असे समजून घरच्या मुलाने दोन वेळा वाळू धुतली. तरीही मोठ्या सरीला पिंप वाहतच राहिले. शेवटी त्याने वाळू काढून टाकली आणि नुसती खडी ठेवली. पिंप वाहायचे थांबले, पण त्यानंतर टाकी उतू जाऊ लागली. पाणी झाकणाच्या फटीतून बाहेर येऊन खळ्यात पसरे. जास्तीचे पाणी जाण्यासाठी टाकीला एक इंची नळी होती. तिचे तोंड गोठ्याकडून येणाऱ्या गटारात सोडलेले होते, आणि जोराच्या पावसात ते गटाराच्या पाण्याखाली बुडून जाई.

जुलै महिन्यात घरातली दोन्ही मुले जुलाबाने आजारी पडली. मी घरी जाऊन टाकी पाहिली आणि पाणी तपासण्याच्या एच-टू-एस बाटल्या भरून घेतल्या. या बाटलीतले पाणी एक-दोन दिवसांत काळे पडले, तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याचा संभव असतो. एक बाटली पन्हळीच्या उतरत्या नळातून थेट भरली, दुसरी टाकीच्या तोटीतून. टाकीची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली. पन्हळीची बाटली दोन दिवसांनंतरही काळी पडली नाही. मुलांचे जुलाब याच पाण्यामुळे झाले असे केवळ या बाटलीवरून छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एवढे मात्र स्पष्ट झाले की त्या दिवशी घाण छपरावरून येत नव्हती. ती टाकीपाशीच मिसळत होती.

थोडा हिशेब

असे का झाले हे समजण्यासाठी एक सोपा हिशेब लक्षात ठेवावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. या घराच्या पुढच्या उताराचे क्षेत्रफळ साधारण पन्नास चौरस मीटर आहे. म्हणजे एक मिलिमीटर पावसाला पन्नास लिटर पाणी. दहा हजार लिटरची टाकी भरायला दोनशे मिलिमीटर पाऊस पुरे, आणि आपल्याकडे आषाढात तो दोन-तीन दिवसांतही पडून जातो. दापोली तालुक्यात वर्षाला सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. उडून जाणारे, पन्हळीबाहेर सांडणारे पाणी वजा केले तरी या एका उतारावरून एक लाख चाळीस हजार लिटर पाणी येईल. म्हणजे अशा चौदा टाक्या भरतील. आपली टाकी मात्र एकच आहे.

याचा अर्थ असा की आपल्याकडची टाकी पावसाळ्याचा बराचसा काळ काठोकाठ भरलेलीच असते. कमी पावसाच्या मुलखात टाकी भरणे हेच मोठे काम असते, तेथे टाकी उतू जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. तेथे मिळेल तो थेंब गाळून आत घ्यावा हे योग्यच आहे. पण तसाच आराखडा आंजर्ल्यात आणला, तर एका टाकीसाठी चौदा टाक्यांचे पाणी त्या बिचाऱ्या गाळणीतून जाते. तेरा टाक्यांचे पाणी गाळले जाऊन नुसतेच सांडव्यातून वाहून जाते, पण त्याच्यातला सगळा गाळ, शेवाळ आणि पालापाचोळा मात्र गाळणीत राहतो. गाळणी वारंवार तुंबते त्याचे मुख्य कारण हे आहे.

आता गाळणीची ताकद पाहू. पिंपाचे तोंड दोन फुटांपेक्षा थोडे कमीच असते. एवढ्या तोंडाच्या वाळूतून ताशी ढोबळमानाने हजार ते दीड हजार लिटर पाणी जाऊ शकते. मोठी सर ताशी शंभर मिलिमीटर वेगाने कोसळते, तेव्हा पन्नास चौरस मीटर छपरावरून ताशी पाच हजार लिटर पाणी येते. वाळू नवी कोरी असली तरी हे पाणी तिच्यातून जाणार नाही. त्या घरातली गाळणी मोठ्या सरीला वाहत होती, ती तुंबली म्हणून नव्हे, तर त्या सरीपुढे लहान होती म्हणून.

तुंबलेली गाळणी आणि लहान गाळणी यांतला फरक ओळखणे अगदी सोपे आहे. सर थांबल्यावर पिंपात डोकावून पाहावे. वाळूवर साठलेले पाणी पाच-दहा मिनिटांत खाली उतरून गेले, तर गाळणी ठीक आहे, फक्त ती मोठी सर पेलू शकत नाही. अर्ध्या तासानंतरही वाळूवर पाणी उभे असेल, तर गाळणी खरोखर तुंबली आहे. पहिल्या प्रकारात वाळू धुऊन काही साधत नाही, आणि वाळू काढून टाकणे तर घातकच ठरते. वाळू गेली की ताशी पाच हजार लिटर पाणी सरळ टाकीवर येते. एक इंची सांडवा त्यातले फार तर हजार लिटर बाहेर नेतो. उरलेले पाणी झाकण उचलून बाहेर पडते. त्या घरात नेमके हेच झाले होते.

उतू गेलेल्या टाकीतून रोग कसा येतो?

टाकी उतू गेली तर पाणी बाहेरच जाते, आत काय येणार, असे कुणालाही वाटेल. पण सर ओसरली की झाकण आपल्या जागी नीट बसत नाही, थोडी फट राहते. त्या फटीतून पाली, बेडूक, झुरळे आत जातात. अर्ध्या जमिनीतल्या टाकीभोवती खळ्याचे पाणी साचले आणि ते फटीपर्यंत चढले, तर खळ्यातली घाण, शेणाचा ओघळ, कोंबड्यांची विष्ठा हे सगळे टाकीत उतरते. सांडव्याच्या नळीचे तोंड गटारात बुडालेले असेल, तर गटाराची पातळी वाढताच गटाराचे पाणी उलट टाकीत शिरते. जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांना ही वाट पुरेशी आहे.

उंदरांचा धोका वेगळा सांगायला हवा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात. गटारात टेकलेली, जाळी नसलेली नळी उंदराला टाकीपर्यंत जाण्याचा जिनाच ठरते. टाकीभोवतीच्या चिखलात अनवाणी वावरताना पायाच्या भेगांतूनही हे जंतू शरीरात शिरतात. पावसाळ्यात थंडी वाजून ताप, पोटऱ्या विलक्षण दुखणे आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मुलांना जुलाब झाले तर जलसंजीवनी लगेच सुरू करावी. लघवी कमी झाली, मूल मलूल पडले किंवा शौचातून रक्त पडले, तर डॉक्टरकडे न्यावे.

तिसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. तो आपली अंडी पाण्याच्या कडेला, टाकीच्या ओलसर भिंतीवर चिकटवतो. ही अंडी कोरड्या भिंतीवर कित्येक महिने तग धरतात आणि पाणी चढले की त्यांतून अळ्या निघतात. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते, पण साठवणीची टाकी दर आठवड्याला रिकामी करता येत नाही. म्हणून तिच्या प्रत्येक तोंडावर जाळी आणि फट नसलेले झाकण यांना पर्याय नाही.

नळ फिरवण्याची युक्ती

या सर्वांवरचा उपाय खर्चाचा नाही. पन्हळीचा उतरता नळ गाळणीत जिथे शिरतो, तिथला शेवटचा तुकडा आणि कोपर चिकटवू नयेत. हाताने फिरवता येतील असे सैल ठेवावेत. पाणी टाकीत हवे असेल तेव्हा तोंड गाळणीवर आणावे, नको असेल तेव्हा बाहेर पोफळीच्या बागेकडे फिरवावे. या जागी बंद होणारी तोटी मात्र बसवू नये. तोटी बंद राहिली तर पाणी पन्हळीत तुंबते आणि पन्हळ भाराने खाली येते. पाण्याला नेहमी एक तरी वाट मोकळी असली पाहिजे.

वळवाच्या आणि मृगाच्या पहिल्या सरींना हे तोंड बाहेरच ठेवावे. मे महिनाभर छपरावर रस्त्याची लाल धूळ, आंब्याच्या मोहराचे अवशेष, पक्ष्यांची व वटवाघळांची विष्ठा आणि किनाऱ्याजवळच्या घरांवर समुद्रावरून आलेला खारा थर बसलेला असतो. ही लाल माती इतकी बारीक असते की तिचा चिकट पापुद्रा वाळूवर बसतो, आणि पहिल्या आठवड्यातच गाळणी तुंबते. पुस्तकांतून पहिले पाणी अडवण्यासाठी एक बंद उभा नळ लावायला सांगतात. पण चार इंची नळाच्या एका मीटरमध्ये जेमतेम आठ लिटर पाणी मावते. आपल्या पन्नास चौरस मीटर छपराचे पहिल्या दोन मिलिमीटरचेच पाणी शंभर लिटर होते. त्यासाठी बारा मीटर उंच नळ लागेल! आपल्याकडे पाण्याला तोटा नाही, तेव्हा सरळ पहिल्या चार-पाच मोठ्या सरी सोडून द्याव्यात.

पाणी आत घ्यायची वेळ आली की नाही, हे काचेच्या पेल्याने ठरवावे. उतरत्या नळाखाली पेला भरावा आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावा. तळाला लालसर गाळ बसला किंवा पाण्यावर पिवळट झाक दिसली, तर अजून थांबावे. पेला स्वच्छ राहिला तर तोंड गाळणीवर वळवावे. शक्यतो संथ, लांब चालणाऱ्या पावसात टाकी भरावी. अशा पावसाचा वेग गाळणीला सहज पेलतो. टाकी भरली की तोंड पुन्हा बाहेर वळवून ठेवावे. पाच माणसांच्या घरात पिणे आणि स्वयंपाक यांसाठी दिवसाला पन्नास लिटर पाणी लागते, असे धरले तर आठवड्याला साडेतीनशे लिटरच टाकीतून कमी होते. पंधरवड्यातून एकदा तासाभराच्या चांगल्या पावसात तेवढे पाणी परत भरून निघते. मध्ये तीन-चार दिवसांची उघडीप पडली असेल, तर पुढच्या पावसाचे पहिले पंधरा-वीस मिनिटांचे पाणी पुन्हा बाहेर सोडावे, कारण तेवढ्या दिवसांत पक्ष्यांनी छप्पर पुन्हा घाण केलेले असते.

शेवटची भरणी उत्तरा-हस्त नक्षत्रांची वाट पाहत लांबवू नये, कारण परतीच्या पावसाची खात्री देता येत नाही. श्रावण-भाद्रपदात टाकी भरून ठेवावी आणि पुढे मिळेल त्या पावसाने कमी झालेले पाणी भरून काढावे. ऑक्टोबरच्या पहिल्या दिवशी टाकी पूर्ण भरलेली असेल, तर रोज पन्नास लिटर वापरून ती दोनशे दिवस, म्हणजे एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुरते. जानेवारीपर्यंत विहिरीचे पाणी वापरून टाकीला हात लावला नाही, तर ती पुढच्या मृगापर्यंतही साथ देते.

गाळणी कशी धुवावी?

पाऊस सुरू होण्यापूर्वी, रोहिणी नक्षत्रात, गाळणी पूर्ण रिकामी करावी. गोटे, खडी आणि वाळू वेगवेगळे काढून प्रत्येक थर धुवावा. वाळू बादलीत घेऊन पाणी घालून हाताने ढवळावी, गढूळ पाणी ओतून द्यावे आणि वरचे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. मग ती दिवसभर कडक उन्हात वाळवून परत भरावी. वाळू समुद्रावरची घेऊ नये. आंजर्ल्यात ती दाराशीच पसरलेली असल्याने मोह होतो. पण ती खारट असते, तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो आणि ती इतकी बारीक असते की पहिल्या सरींतच घट्ट बसते. बांधकामासाठी आणलेली नदीची जाड वाळू डासांच्या जाळीवर चाळावी. जाळीतून खाली पडणारी भुकटी टाकून द्यावी आणि जाळीवर राहिलेली वाळू वापरावी. काहीजण मध्ये कोळशाचा थर देतात. तो काही काळाने निकामी होतो आणि बदलला नाही तर जंतूंचे घर बनतो. दरवर्षी बदलणे जमणार नसेल तर तो न दिलेलाच बरा.

पावसाळ्यात पूर्ण गाळणी उपसावी लागत नाही. जाळीवर साठलेली पाने, सुरूच्या काड्या, पोफळीची फुले आठवड्यातून एकदा झटकून टाकावीत. वर सांगितलेल्या परीक्षेत गाळणी तुंबलेली आढळली, तर तोंड बाहेर वळवून वरची दोन-तीन बोटे वाळू तेवढी खरवडून काढावी, धुवावी आणि परत घालावी. गाळ वरच्या थरातच अडकलेला असतो. खालची वाळू ढवळली तर तोच गाळ खोलवर जातो. धुतल्यानंतर गाळणीतून येणारे पहिले दोन-तीन बादल्या पाणी टाकीत जाऊ देऊ नये. एवढे करूनही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी की ही गाळणी पाण्यातला गाळ अडवते, जंतू मारत नाही. गाळलेले पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते न उकळता मुलांना देऊ नये.

सांडवा आणि टाकी

धरणाला सांडवा असतो आणि तो धरणाइतकाच विचार करून बांधतात. आपल्या टाकीलाही तोच नियम लावावा. पाणी आत आणणारा नळ चार इंची असेल, तर बाहेर नेणाराही चार इंचीच हवा. चार इंची नळाचे तोंड एक इंची नळाच्या सोळा पट मोठे असते. सांडवा झाकणाच्या पातळीपेक्षा किमान वीतभर खाली असावा. त्याचे बाहेरचे तोंड गटारात बुडवू नये. ते जमिनीपासून वीतभर वर ठेवून खाली दगडांचा थर घालावा आणि तेथून पाणी उताराने बागेकडे न्यावे. मात्र ते शौचालयाच्या खड्ड्याकडे किंवा घराच्या जोत्याकडे वळता कामा नये.

सांडव्याला डासांची जाळी हवी, पण ती आतल्या बाजूला लावू नये. तेथे ती पानांनी तुंबली तर कुणाला दिसत नाही आणि टाकी पुन्हा झाकणातून वाहू लागते. जाळी बाहेरच्या तोंडावर, हाताने काढता येईल अशी घट्ट पट्टीने बांधावी आणि गाळणीची जाळी झटकतानाच तीही धुवावी. मोठ्या पावसात एकदा तरी छत्री घेऊन सांडव्यापाशी उभे राहून पाहावे. टाकी भरलेली असताना आत येणारे सगळे पाणी सांडव्यातूनच जात आहे आणि झाकण कोरडे आहे, तर व्यवस्था ठीक समजावी. झाकणाची कडा ओली दिसली तर सांडवा तुंबला आहे किंवा अपुरा आहे.

टाकी धुण्याचे काम मे महिन्याच्या अखेरीस, पाणी संपत आल्यावर करावे. भिंती ताठ ब्रशने, विशेषतः पाण्याची रेषा जिथे असते त्या पट्ट्यात, घासाव्यात, म्हणजे डासांची चिकटलेली अंडी निघतात. जमिनीतल्या टाकीत उतरण्यापूर्वी झाकण काही तास उघडे ठेवावे. एकट्याने कधीही उतरू नये. वर एक माणूस सतत उभा हवा आणि आतल्या माणसाला चक्कर आली, तर वरच्याने स्वतः आत उडी न घालता दोराने ओढून काढावे. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला आधीच दोर बांधावा. ब्लीचिंग पावडर टाकून बंद टाकीत घासत बसणे जिवावर बेतू शकते. ती शेवटी, माणूस बाहेर आल्यावर वापरावी. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर छपरावरचे शेवाळ काढताना ते कोरडे खरवडू नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते.

टाकी भरल्यावर दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल पावडर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पंचवीस ग्रॅम, हे प्रमाण ठेवावे. पावडर बादलीभर पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवावी आणि वरची निवळी टाकीत ओतावी. तासाभराने ओटी टेस्ट करावी. पाण्याला पिवळी छटा आली तर मात्रा योग्य. छटा आली नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाण्यात घाण जास्त आहे असे समजावे आणि तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. तपासणीचे पाणी फेकून द्यावे. ओटी टेस्टविषयी ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे विचारावे. या क्लोरीनचा प्रभाव काही दिवसांतच ओसरतो, म्हणून पिण्याचे पाणी उकळून घेण्याची सवय सोडू नये.

ज्या घरापासून हा विषय निघाला, तेथे आता नळाचे तोंड फिरते आहे, वाळू परत पिंपात गेली आहे, सांडवा चार इंची झाला आहे आणि तो गोठ्याच्या गटारातून उचलून पोफळीच्या बागेकडे नेला आहे. टाकी उपसून, धुऊन भरल्यानंतर तोटीची बाटली पुन्हा तपासली, ती दोन दिवसांनीही काळी पडली नाही. मोठ्या सरीला पिंप आता वाहत नाही, कारण मोठ्या सरीचे पाणी त्यात घेतलेच जात नाही. ज्यांच्या घरी अशी टाकी आहे, त्यांनी या आगोटीत निदान तीन गोष्टी पाहाव्यात. नळाचा शेवटचा तुकडा फिरतो का, सांडवा आत येणाऱ्या नळाइतका रुंद आहे का, आणि त्याचे तोंड कुठे उघडते. या तीन प्रश्नांची उत्तरे पाऊस सुरू होण्यापूर्वी मिळाली, तर गाळणीचे निम्मे काम कमी होईल आणि टाकीचे झाकण पावसाळाभर कोरडे राहील.